झेब्रा क्रॉसिंगवर चुकते कोण? आधी व्हिडिओ नीट बघा



या ब्लॉगवर मी एरवी साखर, बीपी, थायरॉईड यांच्याबद्दल लिहितो. आज रस्त्याबद्दल लिहिणार आहे, आणि थोडे रागातच लिहिणार आहे. कारण माझ्या दवाखान्यात येणारा निम्मा पेशंट रस्ता ओलांडून येतो. खुब्याचे हाड मोडून पुढच्या दवाखान्यात पाठवावे लागलेले पेशंटही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यातल्या काही जणांच्या केसपेपरवर नातेवाइकांनी स्वतःच सांगितलेले कारण लिहिलेले असते, "न बघता रस्ता ओलांडला." म्हणजे जखमी तोच आणि दोषीही तोच!

झाले असे, की परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी रस्ता सुरक्षेचा एक छोटा अभ्यास करायचे ठरले. मुख्य रस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगवर लोक कसे वागतात त्याचे व्हिडिओ चित्रीकरण करायचे, मग विद्यार्थ्यांनी ते पाहून तक्ता भरायचा. क्रॉसिंग माझ्या दवाखान्याच्या समोरच आहे आणि पहिल्या मजल्याची गॅलरी बरोबर त्यावर येते, म्हणून माझ्याकडे विचारणा झाली. मी आनंदाने हो म्हणालो. चित्रीकरण चांगले झाले. नंतर भरलेला तक्ता माझ्याकडे "डॉक्टर म्हणून अभिप्राय द्या" म्हणून आला, आणि तिथे माझे डोके फिरले.

तक्त्यात रकाने असे होते: पट्ट्याबाहेरून ओलांडले का, धावत ओलांडले का, मध्येच थांबले का, मोबाईल वापरत होते का, दोन्हीकडे पाहिले का. हे सगळे पायी चालणाऱ्याबद्दल. वाहनांसाठी एकच रकाना होता, "तासाला वाहनसंख्या". वाहन थांबले की नाही, हे कुठेच विचारलेले नव्हते! अशा तक्त्यातून निष्कर्ष काय निघणार? "पादचाऱ्यांमध्ये शिस्तीचा अभाव आहे, जनजागृती करावी." हे व्हिडिओ न काढताही लिहिता आले असते.

एका आजींचे उदाहरण देतो. माझ्याच पेशंट आहेत, वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले. बाजाराच्या दिवशी सकाळी त्या रस्ता ओलांडताना त्या व्हिडिओत आल्या. विद्यार्थ्याने त्यांच्या नावापुढे (म्हणजे क्रमांकापुढे) असे भरले होते: पट्ट्याबाहेरून, हो. धावत, हो. मध्येच थांबल्या, हो. दोन्हीकडे पाहिले, नाही. चारपैकी चार चुका. आता तोच तुकडा मी फ्रेम फ्रेम पुढे सरकवत पाहिला. काय दिसले ते सांगतो.

रस्ता तिथे टेपने मोजून दहा मीटर रुंद आहे, मध्ये दुभाजक नाही. आजींच्या बाजूला पट्ट्यांच्या सुरुवातीलाच दोन ऑटो आणि एक फळांचा गाडा उभा आहे. पांढरे पट्टे त्यांच्याखाली गेलेले. म्हणजे पट्ट्यावरून रस्त्यात उतरायला जागाच नाही. म्हणून आजी गाड्याला वळसा घालून पट्ट्यापासून अडीच-एक मीटर अलीकडे उभ्या राहिल्या. "पट्ट्याबाहेरून" हे खरे आहे, पण पट्ट्यावर ऑटो उभे होते हे त्या रकान्यात मावत नाही.

तिथे त्या 41 सेकंद उभ्या होत्या. सत्तरीतल्या माणसाला पिशवी धरून उन्हात 41 सेकंद म्हणजे काय, हे ज्याचे गुडघे दुखतात त्याला विचारा. एवढ्या वेळात त्यांच्या बाजूच्या लेनमधून 17 वाहने गेली. एकदा त्यांनी पाऊल पुढे टाकले, टेम्पोने हॉर्न वाजवला, त्या मागे आल्या. शेवटी मागच्या थांब्यावर एसटी थांबली, तिच्या मागची वाहने अडली, आणि आजी निघाल्या. थोडक्यात, क्रॉसिंगवर एकाही वाहनाने त्यांच्यासाठी थांबा घेतला नाही. एसटीच्या कृपेने फट मिळाली.

पहिले पाच मीटर त्यांना सात सेकंद लागले. मग रस्त्याच्या बरोबर मध्यावर त्या सहा सेकंद उभ्या राहिल्या, कारण पलीकडच्या बाजूची वाहने चालूच होती. दोन्हीकडून गाड्या, मध्ये एक बाई. मग एका कारच्या मागे जरा जागा दिसताच उरलेले पाच मीटर त्यांनी साडेचार सेकंदांत कापले. हेच ते "धावणे". पहिल्या भागात त्यांचा वेग सेकंदाला 0.7 मीटर पडतो, दुसऱ्या भागात 1.1 मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सर्वसाधारणपणे सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरतात. म्हणजे आजी जिवाच्या आकांताने धावल्या तेव्हाही त्या पुस्तकातल्या "सर्वसाधारण माणसा"एवढ्या जलद नव्हत्या! बाकी "दोन्हीकडे पाहिले नाही" याचे उत्तर सोपे आहे. कॅमेरा त्यांच्या पाठीमागे होता आणि डोक्यावर पदर होता. मान वळली की नाही ते त्या कोनातून दिसतच नाही. जिथे दिसत नाही तिथे "नाही" भरू नये, "कळत नाही" भरावे. आम्ही डॉक्टर एक्स-रेवर फ्रॅक्चर स्पष्ट दिसत नसेल तर "फ्रॅक्चर नाही" असे लिहून मोकळे होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, एका आजींवरून काय सिद्ध होते? काहीच नाही. म्हणूनच नीट मोजायला हवे, आणि नीट मोजणे काही अवघड नाही.

मुख्य प्रश्न असा आहे की वाहनाने वाट द्यायला हवी होती का आणि त्याला ते शक्य होते का. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. 2017 च्या मोटार वाहन चालनाच्या केंद्रीय नियमांनुसार सिग्नल नसलेल्या पादचारी क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करायचा आणि पायी माणसाला आधी जाऊ द्यायचे. शक्य होते का, हे मोजावे लागते. त्यासाठी चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी रस्त्यावर दोन खुणा करायच्या, एक क्रॉसिंगच्या 10 मीटर अलीकडे आणि दुसरी 30 मीटर अलीकडे. चुन्याची आडवी रेघ पुरते. मग व्हिडिओत वाहनाचे पुढचे चाक पहिल्या रेघेला लागले ती फ्रेम आणि दुसऱ्या रेघेला लागले ती फ्रेम, यांतले अंतर मोजायचे. हेडलाईट किंवा बंपर धरायचा नाही, कारण ते जमिनीपासून उंच असतात आणि तिरक्या कोनातून पाहताना फसवतात. चाक जमिनीला टेकलेले असते. व्हीएलसी प्लेअरमध्ये `E` दाबले की एकेक फ्रेम पुढे सरकते. आजींना हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोला त्या 20 मीटरसाठी 54 फ्रेम लागल्या. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे 1.8 सेकंद, म्हणजे ताशी 40 किलोमीटर. दोन फ्रेम इकडे तिकडे झाल्या तरी उत्तर दीड किलोमीटरनेच बदलते.

आता 40 च्या वेगाला थांबायला किती जागा लागते? चालकाच्या लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच गाडी साधारण 17 मीटर पुढे जाते. नंतर कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी दहा-एक मीटर. एकूण 27. म्हणून 30 मीटरची रेघ. माणूस कडेला उभा राहिला त्या क्षणी जे वाहन या रेघेच्या पलीकडे होते, त्याला थांबायची पुरेशी संधी होती. जे अलीकडे होते त्याला दोष द्यायचा नाही, ते अन्यायाचे होईल. (वेग 60 असेल तर हेच अंतर 48 मीटरच्या आसपास जाते. पण गावातल्या क्रॉसिंगवर 60 ने येणाऱ्याला सवलत कशासाठी द्यायची, हा माझा प्रश्न आहेच.)

हे गणित आजींच्या तुकड्याला लावले. 17 वाहनांपैकी पहिली दोन रेघेच्या आत आलेली होती. ती सोडली. उरलेल्या 15 जणांना संधी होती. थांबले शून्य. तक्त्यात हा आकडा असता तर त्या ओळीत आजींच्या चार चुकांच्या शेजारी चालकांच्या पंधरा चुका दिसल्या असत्या.

यात एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि नवशिके इथे हमखास चुकतात. माणूस रस्त्यात उतरल्यावर, गाडी अंगावर येऊ नये म्हणून चालकाने ब्रेक दाबला, तर ते "वाट दिली" असे मोजायचे नाही. ते "भाग पाडले" असे वेगळे मोजायचे. आपल्याकडे हात वर करून गाड्यांमध्ये शिरणारी माणसे असतात, त्यांच्यासाठी गाड्या थांबतात, पण तो धाडसाचा परिणाम आहे, नियमाचा नाही. आणि ते धाडस आजींना परवडत नाही. दोन्ही प्रकार एकत्र मोजले की "40 टक्के चालक थांबतात" असा काहीतरी गोड आकडा निघतो आणि सगळे खूश होतात.

"लोक घाई करतात" हेही जरा तपासून बघू. आयआयटी मुंबईच्या पवार आणि पाटील यांनी 2015 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सिग्नल नसलेल्या दोन क्रॉसिंगचे व्हिडिओ घेऊन त्यांनी गाड्यांमधल्या 1107 फटी तपासल्या. प्रत्येक वेळी माणूस त्या फटीत शिरला की थांबला, हे नोंदवले. ज्या फटीत निम्मे लोक जायला तयार होतात ती साधारण 4.1 ते 4.8 सेकंदांची निघाली. प्रगत देशांतल्या अभ्यासांपेक्षा ही फट लहान आहे, असे त्यांनीच नोंदवले. आता आमच्या दहा मीटरच्या रस्त्याला चांगल्या चालणाऱ्याला आठ सेकंदांहून जास्त लागतात. म्हणजे एका फटीत पूर्ण रस्ता होतच नाही. मग माणूस काय करतो? एक लेन ओलांडतो, थांबतो, पुढच्या लेनमधली फट शोधतो. अभ्यासकांनाही हे दिसले आणि त्यांनी त्याला सरकती फट म्हटले. आमच्या तक्त्याने याच वागण्याला "मध्येच थांबले" असे नाव देऊन चूक ठरवले! अहो, ते थांबले म्हणून वाचले.

आणि वाट पाहण्याची सहनशक्ती संपते हेही दिसलेले आहे. आयआयटी दिल्लीच्या गीतम तिवारी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दिल्लीतल्या सिग्नलच्या चौकांवरचे चित्रीकरण तपासले, तेव्हा वाट पाहण्याचा वेळ वाढला की लोक धोका पत्करून निघतात असे त्यांना आढळले. म्हणून तक्त्यात प्रतीक्षेचे सेकंद हवेतच. आणखी एक रकाना हवा, "परत गेले". कडेला उभे राहून, वाट पाहून, शेवटी ओलांडायचे सोडून देणारी माणसे असतात. व्हिडिओत ती दिसतात, तक्त्यात नसतात, कारण तक्ता फक्त ओलांडणाऱ्यांचा असतो. माझ्या एका पेशंट बाईंनी बीपीच्या तपासणीला महिनाभर उशीर केला. कारण विचारले तर म्हणाल्या, "दवाखान्याची भीती न्हाई वाटत डाक्टर, त्या रस्त्याची वाटती. कुणी सोबतीला असलं तरच येते." अशा बाई कुठल्याच अपघाताच्या आकड्यात येत नाहीत.

चित्रीकरणात आमच्या हातूनही चुका झाल्या, त्या लपवत नाही. पहिल्या दिवशी एक वाहतूक पोलीस "बंदोबस्ताला" क्रॉसिंगवर उभे होते. त्या दोन तासांत गाड्या छान थांबत होत्या! ते चित्रीकरण बाजूला ठेवावे लागले. कॅमेरा दिसता कामा नये आणि खाकीही दिसता कामा नये, नाहीतर तुम्ही रस्ता मोजत नसता, धाक मोजत असता. दुसरी चूक मोबाईलची. बरेच मोबाईल उजेडाप्रमाणे सेकंदातल्या फ्रेमची संख्या स्वतःच कमी-जास्त करतात. संध्याकाळच्या तुकड्यात आम्ही 30 धरून वेग काढत होतो आणि आकडे जरा विचित्र येत होते. मग शंका आली. उपाय साधा आहे. त्याच उजेडात, त्याच मोबाईलवर, चालू स्टॉपवॉचचे एक मिनिट चित्रीकरण करून फ्रेम मोजायच्या. आमचा मोबाईल संध्याकाळी 30 देत नव्हता, म्हणून त्या तुकड्यांतले वेग आम्ही रद्द केले, फक्त "थांबले की नाही" एवढेच ठेवले.

आणि एक, तक्ता एकाच माणसाने भरायचा नाही. वीस मिनिटांचा एकच तुकडा दोघांनी स्वतंत्रपणे, एकमेकांशी न बोलता भरायचा आणि मग जुळवून बघायचा. आम्ही करून पाहिले तेव्हा "पट्ट्याबाहेर" यावर जवळजवळ एकमत होते, पण "धावत" यावर दोघांचे पार बिनसले. एकाला जे धावणे वाटले ते दुसऱ्याला भरभर चालणे वाटले. म्हणून तो रकाना काढून तिथे सेकंदच लिहायचे ठरवले. अंतर माहीत आहे, वेळ माहीत आहे, मग विशेषण कशाला?

आजींच्या तुकड्याचा शेवट सांगायचा राहिला. पलीकडच्या कडेला पोहोचता पोहोचता उलट्या दिशेने आलेली एक मोटारसायकल त्यांच्या मागून गेली. आजींचा पाय ज्या जागेवरून उचलला गेला, तिथे चाक यायला 36 फ्रेम लागल्या. म्हणजे 1.2 सेकंद. रस्ता सुरक्षेचे अभ्यासक असा दीड सेकंदाच्या आतला प्रसंग गंभीर धरतात. धक्का लागला नाही, त्यामुळे पोलिसांकडे नोंद नाही, दवाखान्यात केस नाही. व्हिडिओचा खरा उपयोग इथे आहे. अपघात होण्याची वाट न पाहता "थोडक्यात वाचले" असे प्रसंग मोजता येतात. त्यासोबत वाहनाचा वेगही लिहायचा. 30 च्या वेगाची धडक म्हणजे शरीरासाठी साधारण साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडण्याइतकी. 50 ची धडक म्हणजे जवळपास दहा मीटर, तीन मजले. वेग दुप्पटही झालेला नाही, पण उंची तिप्पट होते. हाड तपासणाऱ्याला हा फरक रोज दिसतो.

माझ्यावर आक्षेप येणार हे माहीत आहे. "डॉक्टर, मोबाईलमध्ये डोके घालून रस्त्यात येणारी पोरे तुम्हाला दिसत नाहीत का?" दिसतात. व्हिडिओतही दिसली. ते रकाने ठेवा, मी काढा म्हणत नाही. पण मोबाईलवाला तरुण सेकंदाला दीड मीटर चालतो आणि उडी मारून बाजूला होतो. मोतीबिंदू असलेला, मधुमेहाने तळपाय बधिर झालेला, बीपीच्या गोळीने उठताना चक्कर येणारा माणूस तसे करू शकत नाही. जनजागृतीच्या भाषणाने त्याचा गुडघा वाकणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. ही सगळी मोबाईल बघत होती असे कुणाला म्हणायचे असेल तर त्यांनी त्याचा व्हिडिओ दाखवावा.

तक्ता बदलला की उपायही बदलतो. "पट्ट्याबाहेर" च्या शेजारी "पट्टा कशाने अडला होता" लिहिले की उत्तर पोस्टर राहत नाही, ऑटोथांबा वीस मीटर मागे घेणे हे होते. "मध्येच थांबले" च्या शेजारी सेकंद लिहिले की रस्त्याच्या मध्ये उभे राहायला सुरक्षित जागा, म्हणजे छोटा दुभाजक, मागता येतो. 15 पैकी शून्य थांबले असे दिसले की पट्टा नुसता रंगवून उपयोग नाही, तो रस्त्यापेक्षा उंच, गाडीला वेग कमी करायलाच लावेल असा बांधायला हवा, हे उघड होते. आपल्या जिल्ह्यात महामार्गच गावचा मुख्य रस्ता होतो. 61 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी असा नांदेडकडे जातो, वाटेतल्या वस्त्यांना तोच रस्ता. तिथे चालक महामार्गाच्या वेगातच क्रॉसिंगवर येतो. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम आले आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. तक्त्यात रस्त्याबद्दल एकही रकाना नसेल तर हे कलम लावणार कशाच्या आधारे?

मी माझा अभिप्राय पाठवला आहे. त्यासोबत नवा तक्ताही करून दिला: कडेला आल्याची वेळ, निघाल्याची वेळ, मध्ये थांबल्याचे सेकंद, पलीकडे पोहोचल्याची वेळ, पट्टा अडला होता का आणि कशाने, संधी असलेली वाहने, स्वतःहून थांबलेली, भाग पाडल्यामुळे थांबलेली, परत गेले का. "कळत नाही" हा पर्याय प्रत्येक रकान्यात. चित्रीकरणातले चेहरे आणि नंबरप्लेट धूसर करायच्या आणि तुकडे कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत, हेही लिहून दिले, कारण आजींचा धावतानाचा व्हिडिओ विनोद म्हणून फिरायला वेळ लागत नाही.

तुमच्या गावात, शाळेत किंवा कॉलेजात असा अभ्यास होणार असेल तर तक्ता भरण्याआधी मागून घ्या आणि वाहनांसाठी किती रकाने आहेत ते मोजा. आमचे दुसरे चित्रीकरण येत्या बाजाराच्या दिवशी आहे, सकाळी दहा ते बारा, पोलीस बंदोबस्ताशिवाय. चुन्याच्या रेघा आदल्या रात्री मारायच्या आहेत. मदतीला दोन माणसे हवी आहेत, टेप माझ्याकडे आहे.